‘इच्छुकांनी संपर्क साधावा’च्या आधी

सोसायटीच्या ग्रुपवर योगवर्गाची पोस्ट पडली की तिच्याखाली येणारे प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. फी किती? सकाळी नक्की कितीला? माझे गुडघे दुखतात, चालेल का? महिन्याच्या मध्येच आलं तर? पोस्ट टाकणाऱ्या ताई किंवा सर वैतागतात, लोक नीट वाचतच नाहीत म्हणतात. लोक वाचतात हो. त्यांना जे हवंय ते पोस्टमध्ये नसतं, म्हणून विचारतात.

एक नमुना घेऊ. पुण्या-ठाण्याकडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत, क्लब हाउसच्या हॉलमध्ये चालणाऱ्या वर्गाची पोस्ट साधारण अशी असते:

> ॥ आरोग्यम् धनसंपदा ॥
> सुवर्णसंधी! सुवर्णसंधी!!
> तणावमुक्त व निरोगी जीवनासाठी आजच सामील व्हा. आसने, प्राणायाम, ध्यान, सूर्यनमस्कार, पॉवर योगा. वजन, मधुमेह, थायरॉईड, गुडघेदुखी यांवर रामबाण उपाय. सर्व लेव्हल्स, सर्व वयोगट. अनुभवी प्रशिक्षक. सकाळ व संध्याकाळच्या बॅचेस. येत्या सोमवारपासून नवीन बॅच सुरू. माफक फी. तीन महिन्यांची फी एकदम भरल्यास आकर्षक सवलत. मर्यादित जागा. त्वरा करा! इच्छुकांनी संपर्क साधावा.

बहुतेक वेळा हा मजकूर उगवता सूर्य आणि कमळ असलेल्या पोस्टरवर असतो. पोस्टर दिसायला छान, पण त्यातला फोन नंबर बऱ्याच फोनवर दाबून लावता येत नाही, त्यातला पत्ता सहज कॉपी होत नाही, आणि ‘योग’ म्हणून ग्रुपमध्ये शोधलं तर चित्रातले शब्द सापडतील याचा भरवसा नाही. पोस्टर ठेवायचं तर ठेवा, पण माहिती त्याच्याखाली साध्या मजकुरात असू द्या.

अशी पोस्ट दुरुस्त करायला बसलं की लोक विशेषणं काढतात, परिच्छेद पाडतात, ठळक अक्षरं करतात. पंधरा मिनिटांत पोस्ट नीटनेटकी दिसायला लागते आणि प्रश्न पूर्वीइतकेच येत राहतात. कारण खरी अडचण मजकुराच्या मागे असते. ‘माफक फी’ असं लिहिलं जातं तेव्हा पुष्कळदा फीचा नियमच पक्का झालेला नसतो: एकाला हजार, ओळखीच्याला आठशे, मध्येच आलेल्याला ‘बघू’. ‘सर्व लेव्हल्स’ म्हणजे कोणाला कुठे बसवायचं हे ठरलेलं नसतं. म्हणून पोस्ट लिहायच्या आधी वर्गाचे नियम कागदावर उतरवावे लागतात, आणि त्यातच सगळा वेळ जातो.

सुरुवात पातळ्यांपासून करू, कारण तिथली चूक शरीराला भोवते. ‘बिगिनर, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स’ असे तीन शब्द टाकले की काम झालं असं वाटतं. पण वाचणारा स्वतःला कुठे बसवणार? रोज जिममध्ये जाणारा तिशीतला मुलगा स्वतःला इंटरमीजिएट समजतो आणि पहिल्याच दिवशी सर्वांगासनात मानेवर सगळं वजन टाकून बसतो. याउलट दहा वर्षं घरी नियमाने आसनं करणाऱ्या काकू संकोचाने बिगिनरमध्ये येतात आणि आठवड्याभरात कंटाळतात. अडचण ही की हे शब्द माणसाला त्याचं स्वतःबद्दलचं मत विचारतात. विचारायचं ते असं हवं, की घरच्या घरी दोन मिनिटांत करून बघता येईल.

मला तीन खुणा पुरेशा वाटतात. जमिनीवर मांडी घालून बसता येतं का आणि आधाराशिवाय उठता येतं का. न थांबता बारा सूर्यनमस्कार घातल्यावर शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतं का. आणि सर्वांगासन एखाद्या शिक्षकासमोर रीतसर शिकलेलं आहे का; व्हिडिओ बघून केलेलं इथे धरायचं नाही. पहिलीला ‘नाही’ आलं तर खुर्चीवरचा वर्ग. पहिलीला ‘हो’ पण पुढच्या दोन्हींपैकी एकीला जरी ‘नाही’ आलं तर सुरुवातीचा वर्ग. तिन्हींना ‘हो’ आलं तर नियमित सरावाचा वर्ग. यात वय कुठेच आलेलं नाही हे पाहा. पासष्टीचे आजोबा नियमित वर्गात आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पंचेचाळिशीच्या बाई खुर्चीवर, असं होऊ शकतं आणि होतंही. म्हणूनच ‘ज्येष्ठ नागरिक बॅच’ यापेक्षा ‘खुर्चीवरचा योग’ हे नाव मला बरं वाटतं.

त्याला जोडून एक ओळ अशी लागते की जी वाचून काही लोकांनी आधी शिक्षकाशी बोलावं. उच्च रक्तदाब, काचबिंदू, मानेचा त्रास असेल तर शीर्षासन-सर्वांगासनासारखी उलटी आसनं टाळतात. रक्तदाब, हर्निया, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया आणि गरोदरपण यांत कपालभाती करू देत नाहीत. हे सगळं पोस्टमध्ये समजावून सांगायची गरज नाही. ‘यांपैकी काही असेल तर येण्याआधी खासगी मेसेज करा’ एवढंच पुरे. खासगी हा शब्द विसरू नये. ग्रुपवर विचारलं की कोणी सांगत नाही, आणि सांगितलं तर त्याहून वाईट, कारण दोनशे घरांना एखाद्याचा हर्निया कळायचं कारण नाही. गरोदर स्त्रियांसाठी वेगळा वर्ग नसेल तर तसं सरळ लिहावं: ‘गरोदरपणातला योग इथे घेतला जात नाही.’ नकार लिहायला शिक्षकांना जड जातं, पण वाचणारीचा हेलपाटा वाचतो.

आणि रामबाण उपायाची ती ओळ काढून टाकावी. मधुमेह, थायरॉईड बरा करण्याचं वचन वर्गाने द्यायचं नसतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या सेवांनाही लागू आहे, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. कायदा बाजूला ठेवला तरी, अशी ओळ वाचून गोळ्या बंद करून येणारा माणूस तुम्हाला वर्गात नको असतो.

आता वेळ. ‘सकाळी ६ ते ७’ हे स्पष्ट वाटतं. पण साडेसातच्या स्कूलबसला मुलाला सोडणाऱ्या आईचा प्रश्न वेगळा असतो: सातला शवासन संपतं की सातला सुरू होतं? शेवटची आठ-दहा मिनिटं शवासनाची असतील आणि ती सातच्या आत धरली असतील, तर तसं लिहायचं. दार कधी उघडतं, मॅट घालायला किती आधी यायचं, उशिरा आलेल्याला किती वाजेपर्यंत आत घेतात, हेही ठरवायचं. माझ्या मते दहा मिनिटांनंतर कोणाला घेऊ नये. अंग मोकळं न करता पुढच्या आसनात शिरणारा माणूस स्नायू दुखावून घेतो. पण हा नियम पोस्टमध्ये असेल तरच दारात अडवता येतं. नाहीतर भांडण.

दोन वर्गांच्या मध्ये जागा सोडायलाही विसरतात. पहिला वर्ग सातला संपतो, दुसरा सातला सुरू होतो, आणि त्या दाराशी पंधरा जण मॅट गुंडाळताहेत, पंधरा जण चपला काढताहेत. पंधरा मिनिटं सोडली की सुटतं: ६:०० ते ७:००, मग ७:१५ ते ८:१५.

संध्याकाळच्या वर्गाची अडचण पोटाची. जेवणानंतर तीन-चार तास, हलक्या खाण्यानंतर साधारण दीड-दोन तास सोडून आसनं करतात. सातच्या वर्गाला येणारा माणूस सहाला ऑफिसबाहेर वडापाव खाऊन येतो आणि पुढे वाकला की त्याला तो वडापाव आठवतो. म्हणून या वर्गाच्या ओळीतच लिहावं: पाच वाजेनंतर काही खाऊ नये, पाणी चालेल. सकाळच्या वर्गांना ही सूचना फारशी लागत नाही, मग ती सगळ्यांना एकत्र ‘सूचना’ म्हणून तळाशी कशाला टाकायची? तळाशी गेलेली सूचना कोणी वाचत नाही.

वर्गांना नावं देताना एक खाचखळगा आहे. ‘बॅच १, बॅच २’ असं म्हटलं की कोणाला तरी २ म्हणजे दुसरी पातळी वाटते. ‘सकाळची बॅच’ म्हटलं तर सकाळच्या दोन असतात. एकेका शब्दाची वेगळी नावं बरी: पहाट, सकाळ, खुर्ची, सायं. आपल्या नमुन्यात पहाट हा नियमित सरावाचा वर्ग, सकाळ आणि सायं हे सुरुवातीचे. मेसेजमध्ये, फीच्या नोंदीत, हजेरीच्या वहीत हाच एक शब्द वापरायचा.

‘येत्या सोमवारपासून’ ही ओळ तर वेगळीच त्रासदायक. पोस्ट फॉरवर्ड होत होत तीन महिन्यांनी दुसऱ्या सोसायटीत पोचते आणि तिथे पुन्हा ‘येता सोमवार’ येतो. तारीख, वार, वर्ष तिन्ही लिहायचं: सोमवार, ६ जुलै २०२६. वार आणि तारीख दोन्ही असली की टंकनाची चूकही लगेच पकडली जाते. आणि ही माहिती कुठपर्यंत लागू आहे तेही द्यायचं, म्हणजे जुनी पोस्ट आपोआप बाद होते.

ऑनलाइन वर्ग असेल आणि परदेशातली मुलं-सुना जोडल्या जाणार असतील तर वाराचा घोळ होतो. भारतात सोमवारी पहाटे ६ वाजता न्यूयॉर्कला रविवारची रात्र असते. उन्हाळ्यात ८:३०, हिवाळ्यात ७:३०. म्हणजे आपला सोम-बुध-शुक्र तिथे रवि-मंगळ-गुरु होतो, आणि मार्चच्या दुसऱ्या व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं बदलली की वेळ एका तासाने सरकते. ‘भारतीय वेळ’ एवढं लिहून भागत नाही. तिथला वार आणि तिथली वेळ दोन्ही द्यावी. लंडनला त्याच वेळी मध्यरात्र उलटून गेलेली असते, तेव्हा तिकडच्यांना पहाट वर्ग दाखवूच नये. सायं वर्ग तिथे दुपारी पडतो.

फीकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त धूसर लिहिलं जातं आणि इथेच सगळ्यात जास्त वाद होतात. ‘फीसाठी संपर्क करा’ यामागचा हिशोब असा असतो की माणूस बोलायला आला की त्याला पटवता येईल. प्रत्यक्षात ज्याला परवडणार नसतं तोही फोन करतो आणि ज्याला परवडतं पण फोन करायचा संकोच आहे तो करतच नाही. आकडा लिहावा.

पण आकड्याआधी ‘महिना’ म्हणजे काय ते ठरवा. तीन पद्धती चालतात. पहिली, कॅलेंडरचा महिना: हिशोब सोपा, सगळ्यांची फी एकाच वेळी. दुसरी, बारा वर्गांचं कार्ड: न्याय्य वाटतं, पण प्रत्येकाची हजेरी काटेकोर ठेवावी लागते आणि ‘त्या बुधवारी मी आलेच नव्हते’ हा वाद कायमचा. तिसरी, आल्या दिवसापासून तीस दिवस: येणाऱ्याला सोयीची, पण शिक्षकाला चाळीस जणांच्या चाळीस तारखा लक्षात ठेवाव्या लागतात. जिमला सॉफ्टवेअर असतं म्हणून तिथे तिसरी चालते. सोसायटीच्या हॉलमधल्या वर्गाला मी पहिलीच सुचवेन, आणि तिच्यातला मधल्या प्रवेशाचा खड्डा एका ओळीने बुजवेन: १६ तारखेला किंवा नंतर आल्यास त्या महिन्याची फी निम्मी.

कॅलेंडरच्या महिन्यात वर्गांची संख्या मात्र सारखी राहत नाही. सोम-बुध-शुक्र धरले तर पूर्ण महिन्यात कमीत कमी १२ आणि जास्तीत जास्त १४ वर्ग होतात. जुलै २०२६ मध्ये वर्ग ६ तारखेला सुरू केले तर सोम-बुध-शुक्रवाल्यांना बरोबर १२ मिळतात, पण मंगळ-गुरु-शनिवाल्यांना ११, कारण शेवटचा शनिवार ऑगस्टमध्ये जातो. कोणीतरी मोजतंच. आधीच लिहून ठेवलं की फी महिन्याची आहे, वर्गांची संख्या ११ ते १४ असेल, तर मोजणारा गप्प बसतो.

समजा तीन दिवसांच्या वर्गाची फी १,८०० रुपये आहे. बारा वर्ग धरले तर एका वर्गाचे १५० पडतात. हा १५० चा आकडा फार कामाचा आहे. पुढचे सगळे नियम त्यावर उभे राहतात. शिक्षकाने सुट्टी घेतली आणि बदली वर्ग झाला नाही तर पुढच्या महिन्यात १५० वजा. एक दिवस येऊन बघायचं असेल तर १५०. विद्यार्थ्याने स्वतः बुडवलं तर पैसे नाहीत, पण त्याच आठवड्यात त्याच पातळीच्या दुसऱ्या वर्गात बसता येतं. म्हणजे ‘सकाळ’वाला ‘सायं’ला जाऊ शकतो, ‘पहाट’ला नाही. पहाटवाल्याला बदली वर्ग नाही, कारण त्या पातळीचा दुसरा वर्गच नाही. हे लपवू नये.

आकर्षक सवलत म्हणजे किती? तीन महिन्यांचे ४,८००, म्हणजे ५,४०० ऐवजी ६०० कमी. खरा प्रश्न पुढे येतो: एका महिन्याने सोडलं तर? ‘फी परत मिळणार नाही’ हे लिहायला सोपं, पण बदली झालेला, हाड मोडलेला माणूस समोर उभा राहिला की तो नियम पाळला जात नाही, आणि एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडला. त्यापेक्षा असा हिशोब ठेवावा: झालेल्या महिन्यांची फी १,८०० च्या दराने धरायची, उरलेली परत. एका महिन्याने सोडलं तर ४,८०० वजा १,८००, म्हणजे ३,००० परत. दोन महिन्यांनी सोडलं तर १,२००. सवलत जाते, पैसे बुडत नाहीत, आणि ओळ एकच लागते.

जुलै ते सप्टेंबर अशा तिमाहीत गणपती येतात. क्लब हाउसचा हॉल मंडळाकडे जातो आणि तीन दिवसांच्या वर्गाचे चार ते सहा वर्ग अडतात. दरवर्षी हे ठाऊक असतं आणि दरवर्षी ते ऐनवेळी कळवलं जातं. गणेशोत्सवात वर्ग झूमवर, त्याच वेळी, असं जुलैच्या पोस्टमध्येच असावं. नको असेल त्याने १५० च्या दराने वजावट घ्यावी.

जीएसटीबद्दल एवढंच: सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल तर फीवर जीएसटी लावायचाच नसतो. नोंदणी असेल तर लिहिलेला आकडा करासहित असावा. ‘१,८०० + कर’ वाचून माणूस मनात १,८०० धरतो आणि भरताना चिडतो.

फ्री डेमोविषयी थोडं. रोज कोणी ना कोणी डेमोला येत राहिलं की शिक्षकाला रोज ताडासनापासून सुरू करावं लागतं आणि फी भरलेले लोक महिनाभर पहिलाच धडा गिरवतात. चाचणीचा एकच दिवस ठेवावा, आठवड्याचा पहिला. सोम-बुध-शुक्रला सोमवार, बाकीच्यांना मंगळवार. १५० घ्यावेत आणि सात दिवसांत प्रवेश घेतला तर फीतून वजा करावेत.

‘मर्यादित जागा’ हीसुद्धा मोजून लिहायची गोष्ट आहे. मॅट साधारण सहा फूट बाय दोन फूट. हात दोन्हीकडे पसरायचे, पाय मागे न्यायचे, तर एका माणसाला आठ फूट लांबी आणि चार फूट रुंदी लागते. हॉल तीस बाय वीस फुटांचा असेल, पुढची सहा फूट शिक्षकासाठी सोडली, तर वीस फुटांत पाच जणांची ओळ आणि उरलेल्या चोवीस फुटांत तीन ओळी. पंधरा जण. सोळावा आला की कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी डोक्याला लागतो. १५ लिहा, आणि आत्ता किती रिकाम्या आहेत तेही लिहा. ‘त्वरा करा’ मग लिहावं लागत नाही.

राहिली प्रवेशाची रीत. ‘संपर्क साधावा’ यात कोणाशी, कसा, कधी, आणि साधल्यावर काय, हे चारही बाकी राहतं. शिक्षक सहा ते सव्वाआठ वर्गात असतात, नेमके तेव्हाच लोक फोन करतात, आणि उचलला नाही की ‘बंद झाला वाटतं’ असं होतं. फोनची वेळ द्या किंवा सरळ मेसेजच मागा. व्हॉट्सॲपची लिंक दिली तर नंबर सेव्हही करावा लागत नाही, आणि मेसेज आधीच भरून देता येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=YOGA%20SAKAL
```

इथे ९१ च्या पुढे थेट दहा आकडी नंबर येतो. ९१ च्या आधी अधिकचं चिन्ह, मध्ये शून्य किंवा मोकळी जागा टाकायची नाही. पोस्ट करण्याआधी दुसऱ्याच्या फोनवर एकदा दाबून बघावी.

पैशांचा क्रम उलटा झाला की घोटाळा होतो. पोस्टमध्ये क्यूआर कोड दिसला की उत्साही माणूस जागा आहे की नाही हे न विचारता पैसे भरून मोकळा. मग पैसे परत करत बसा. म्हणून पोस्टमध्ये क्यूआर नको. जागा पक्की झाली की उत्तरात यूपीआय आयडी पाठवायचा, आणि भरताना कोणाचं नाव दिसेल तेही सांगायचं. शिक्षिकेचं नाव एक आणि खातं सासूबाईंच्या नावावर, असं असेल तर भरणारा बिचकतो. दुसऱ्या बाजूलाही हेच आहे. वर्गाला येणार बायको, पैसे येतात नवऱ्याच्या खात्यातून, आणि महिन्याअखेरीस ‘तुमची फी आली नाही’ म्हणून अवघड प्रसंग. पैसे पाठवताना नोंदीच्या रकान्यात येणाऱ्याचं नाव आणि वर्गाचा शब्द लिहायला सांगायचं. फी परत करायची वेळ आली तर समोरच्याला पिन टाकायला किंवा काही स्कॅन करायला सांगायचं नसतं, पैसे घ्यायला ते लागत नाही. कोणी तुमच्या वर्गाच्या नावाने तसं सांगत असेल तर ती फसवणूक आहे, हे ग्रुपवर एकदा सांगून ठेवावं.

हे सगळं ठरल्यावर लिहायला फार काही उरत नाही. मांडणीत दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. व्हॉट्सॲप लांब मेसेज मध्येच तोडतं आणि पुढचं वाचायला दाबावं लागतं, म्हणून काय, कुठे, कधीपासून आणि फी हे वरच यावं. मोकळ्या जागा देऊन केलेला तक्ता दुसऱ्या फोनवर विस्कटतो, म्हणून एका वर्गाला एक ओळ. ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा द्यायचा, तारा आणि शब्द यांच्यात जागा न सोडता. आणि ठळक फक्त वर्गांची नावं. सगळंच ठळक केलं की डोळा कुठेच थांबत नाही.

> योगवर्ग, क्लब हाउस हॉल (पहिला मजला, लिफ्ट आहे, फाटक क्र. २)
> सोमवार, ६ जुलै २०२६ पासून. फी महिना १,८०० रु., खुर्ची वर्ग १,००० रु.
>
> *पहाट* : सोम-बुध-शुक्र, ६:०० ते ७:००. नियमित सराव असलेल्यांसाठी. १५ पैकी ४ जागा रिकाम्या.
> *सकाळ* : सोम-बुध-शुक्र, ७:१५ ते ८:१५. सुरुवात करणाऱ्यांसाठी. १५ पैकी ९ जागा रिकाम्या.
> *खुर्ची* : मंगळ-गुरु, १०:०० ते १०:४५. जमिनीवर बसणं-उठणं कठीण असलेल्यांसाठी. ६ जागा रिकाम्या.
> *सायं* : मंगळ-गुरु-शनि, ७:०० ते ८:००. सुरुवात करणाऱ्यांसाठी. पाचनंतर खाऊ नये. १५ पैकी ७ जागा रिकाम्या.
> शवासन या वेळेतच. दार १० मिनिटं आधी उघडतं, सुरू झाल्यावर १० मिनिटांनी बंद.
>
> कुठला वर्ग? मांडी घालून बसून आधाराशिवाय उठता येत नसेल तर खुर्ची. येत असेल तर सकाळ किंवा सायं. सलग १२ सूर्यनमस्कारांनंतर सहज बोलता येत असेल आणि सर्वांगासन शिक्षकाकडे शिकला असाल तर पहाट.
> रक्तदाब, काचबिंदू, हर्निया, मान-पाठीचा त्रास, सहा महिन्यांतली शस्त्रक्रिया असेल तर आधी खासगी मेसेज करा. गरोदरपणातला योग इथे घेतला जात नाही.
>
> फी: कॅलेंडर महिन्याची, ५ तारखेपर्यंत. महिन्यात ११ ते १४ वर्ग (खुर्ची ८ ते १०). १६ तारखेपासून आल्यास निम्मी. तीन महिन्यांचे ४,८०० (खुर्ची २,७००). मध्ये सोडल्यास झालेले महिने मासिक दराने धरून बाकी परत. आमच्याकडून वर्ग बुडाला तर १५० रु. वजा (खुर्ची १२५). तुमचा बुडाला तर त्याच आठवड्यात सकाळ-सायं अदलाबदल चालेल; पहाटला बदली वर्ग नाही. गणेशोत्सवात वर्ग झूमवर, त्याच वेळी; नको असल्यास वजावट.
>
> प्रवेश: १. नाव आणि वर्गाचा शब्द खालील लिंकवर पाठवा. त्याच दिवशी रात्री ९ पर्यंत उत्तर येईल. २. चाचणी वर्गाला या (पहाट-सकाळ सोमवारी, बाकी मंगळवारी), १५० रु., सात दिवसांत प्रवेश घेतल्यास फीतून वजा. मॅट आणि नॅपकिन आणा, खुर्ची वर्गाला काही नको. ३. जागा पक्की झाल्यावर यूपीआय आयडी मिळेल. नोंदीत नाव व वर्ग लिहा. ४. फी पोचली की वर्गाच्या ग्रुपमध्ये घेतलं जाईल.
> ही माहिती ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत लागू.

जुन्या पोस्टपेक्षा ही लांब आहे, हे खरं. तिच्यात प्रशिक्षकाची ओळखही नाही. ती हवी असेल तर एका ओळीत, कुठे शिकले आणि किती वर्षं शिकवतात एवढीच टाकावी. लांबीची काळजी मला वाटत नाही, कारण पहिल्या सहा-सात ओळी वाचून ज्याला वेळ किंवा फी जमत नाही तो तिथेच थांबतो, आणि ज्याला जमते त्याला पुढचं सगळं हवंच असतं.

आठवड्याभराने पुन्हा प्रश्न मोजावेत. एकच प्रश्न तिघांनी विचारला तर त्याचं उत्तर पोस्टमध्ये घालायचं. एकट्याने विचारलेल्याला वैयक्तिक उत्तर. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून पंधरा मिनिटांतच दुरुस्त करता येतो, तेव्हा नंतर जागा भरल्या किंवा वेळ बदलली तर जुन्या पोस्टला उत्तर म्हणून ‘बदल’ लिहू नये. फॉरवर्ड होताना उत्तर मागे राहतं आणि जुनी वेळ पुढे जाते. पूर्ण पोस्ट नव्याने टाकावी, पहिल्याच ओळीत ‘सुधारित, १३ जुलै २०२६’ लिहावं, आणि ग्रुपमध्ये पिन केलेली जुनी काढून ही पिन करावी.